गरम झालेला अॅल्युमिनियम लग: नटाला पाना लावण्याआधी

मेन आयसोलेटरमध्ये एका फेजचा लग पिवळट-तपकिरी पडलाय आणि त्याची केबल बाकीच्या दोघांपेक्षा गरम आहे, असं कळलं की हात आधी पान्याकडे जातो. नट थोडा फिरतो, "सापडलं, लूज होतं" म्हणून झाकण लावलं जातं. दोन-तीन महिन्यांनी तोच लग पुन्हा तापतो आणि या वेळी नट फिरतही नाही, कारण मूळ दोष नटात नव्हताच.

अॅल्युमिनियमचा लग तापतो तेव्हा सहसा तीनपैकी एक गोष्ट आधी घडलेली असते. तारांवर ऑक्साइडचा थर तसाच राहून क्रिम्प झालेला असतो, किंवा क्रिम्पच अर्धवट दाबला गेलेला असतो, किंवा बोल्टखालचं अॅल्युमिनियम दाबानं हळूहळू सरकून पकड कमी झालेली असते, ज्याला क्रीप म्हणतात. पंचाईत अशी की यातलं एक सुरू झालं की ते बाकीच्या दोघांना ओढून आणतं. उघडून पाहावं तर तिघांच्याही खुणा हजर. शोधायचं असतं ते आधी काय झालं, आणि पाना लावला की त्याचा निम्मा पुरावा पुसला जातो.

उदाहरण म्हणून मी हाताळलेला एक आयसोलेटर शेवटपर्यंत सोबत ठेवतो. तीन फेज, २०० अँपिअर. येणारी केबल ९५ चौरस मिमी अॅल्युमिनियमची, इन्शुलेशन एक्सएलपीई. लग टिन चढवलेले अॅल्युमिनियमचे, टर्मिनलची पट्टी टिन चढवलेल्या तांब्याची. तापत होता तो मधला, वाय फेजचा लग.

चालू असताना: फक्त बघा आणि लिहा

झाकण उघडं ठेवून चालू पॅनेलचं तापमान घेणं हे आर्क फ्लॅशचं संरक्षण घातलेल्या, त्याचं प्रशिक्षण असलेल्या माणसाचंच काम. हात, टेस्टर, पाना काहीही आत न्यायचं नाही. थर्मल कॅमेरा लांबून धरायचा आणि त्याच वेळी तिन्ही फेजचा करंट टिपायचा. करंटशिवाय तापमानाला काही अर्थ नाही.

चकचकीत धातूवर कॅमेरा खोटं बोलतो. उघडं अॅल्युमिनियम किंवा टिन स्वतःची उष्णता फार कमी फेकतं आणि समोरच्या वस्तूंचं प्रतिबिंबच जास्त दाखवतं, त्यामुळे ८० अंशांचा लग ४० चा दिसू शकतो. लगवरची स्लीव्ह, केबलचं इन्शुलेशन, चिकटवलेली टेप अशा मंद पृष्ठभागावरचं वाचन घ्या आणि तिन्ही फेजवर जागा तीच ठेवा.

आमच्याकडे पॅनेलमधली हवा ३४ अंश होती आणि तिन्ही फेजवर जवळजवळ १२० अँपिअर. आर फेजच्या लगची स्लीव्ह ५१, बी ची ५०, वाय ची ७६. लगपासून एक फूट मागे केबलवर आर आणि बी ४८, वाय ५५. ही शेवटची ओळ फार कामाची आहे. तिन्ही लग सारखेच तापले असते आणि केबलही तितकीच गरम असती, तर लोड किंवा केबलचा आकार तपासला असता. इथे करंट सारखा, मागची केबल जवळपास सारखी, आणि लगशी मात्र पंचवीस अंशांचा फरक. म्हणजे उष्णता लगच्या आसपास तयार होतेय आणि तिथून केबलमध्ये उतरतेय.

क्रिम्प तापतोय, बोल्ट तापतोय की आयसोलेटरचे आतले कॉन्टॅक्ट, हे कॅमेऱ्यावरून ठरवायला जाऊ नका. अॅल्युमिनियम आणि तांबं उष्णता इतकी पटकन पसरवतात की दोन-तीन इंचांत फरक पुसट होतो. दिसलं तर संशय म्हणून लिहून ठेवा, निकाल म्हणून नको.

आता घाई किती करायची? उष्णता करंटच्या वर्गाप्रमाणे वाढते. वाय लग हवेपेक्षा ४२ अंशांनी गरम होता, १२० अँपिअरला. त्या जागेचा संध्याकाळचा लोड १६० पर्यंत जायचा. १६० भागिले १२० चा वर्ग १.७८, म्हणजे वाढ सुमारे ७५ अंश आणि लग १०९ वर. प्रत्यक्षात थोडं कमी भरतं, कारण गरम वस्तू उष्णता जास्त सोडते. तरी एक्सएलपीईची कायमची मर्यादा ९० अंश आणि पीव्हीसीची ७०. आयसोलेटरच्या आयईसी मानकात टिन केलेल्या टर्मिनलला हवेपेक्षा ६५ अंश वाढ चालते, हे दाखवून "मर्यादेत आहे" म्हणणारे भेटतात. ती मर्यादा टर्मिनलची. त्याला जोडलेल्या केबलचं इन्शुलेशन तेवढं सोसेलच असं नाही. आम्ही त्याच दुपारी लोड निम्म्यावर आणला आणि दुसऱ्या दिवशीचं शटडाउन घेतलं.

रंग काय सांगतो, काय नाही

लोखंड तापलं की पिवळं, तपकिरी, निळं पडतं. अॅल्युमिनियम तसं पडत नाही. त्याचा ऑक्साइड पारदर्शक असतो, त्यामुळे नुसत्या अॅल्युमिनियमचा लग शंभर-दीडशे अंशांवर महिनोन्महिने राहूनही साधा राखाडी दिसू शकतो. तेव्हा लग रंगलेला दिसला तर नक्की कशाचा रंग बदललाय ते आधी विचारा.

टिनचा मुलामा आधी मंद होतो, मग पिवळट-तपकिरी. त्यावरून तिथे बराच काळ उष्णता होती एवढंच कळतं, ती कुठून आली ते नाही. टिनचे वितळलेले थेंब दिसले तर प्रकरण वेगळं, कारण टिन २३२ अंशांना वितळतं. मग केबलच्या टोकाबरोबर आयसोलेटरही बदलायचा हे जवळजवळ ठरलंच. पांढरी भुकटी म्हणजे ओल. तांबं आणि अॅल्युमिनियम एकत्र असताना ओलीमुळे अॅल्युमिनियमच खाल्लं जातं, आणि अशा वेळी गळती किंवा दव कुठून येतं ते न शोधता लग बदलला तर काम वाया. काळी काजळी आणि बारीक खड्डे म्हणजे ठिणग्या पडल्या आहेत.

मला सगळ्यात उपयोगी वाटते ती स्लीव्ह आणि तिच्याखालचं इन्शुलेशन. इन्शुलेशन लगच्या नळीच्या तोंडाशी सर्वाधिक कडक आणि तपकिरी असेल, आणि बोल्टकडचा चपटा भाग त्या मानानं स्वच्छ, तर संशय क्रिम्पवर. वॉशरभोवती कडं उमटलं असेल आणि नळीकडचं इन्शुलेशन मऊ, तर बोल्टवर. आमच्या वाय फेजला दोन्ही होतं. असंच असतं.

बंद करणं

मेन आयसोलेटरची येणारी बाजू त्याच्याच हँडलनं मरत नाही. हँडल बंद, पॅनेल अंधारात, आणि वरचे तीन लग जिवंत. पुरवठ्याच्या बाजूला, वरच्या ब्रेकरवर किंवा फ्यूजवर बंद करून तिथे कुलूप आणि पाटी लागल्याशिवाय हात घालू नका. ते ठिकाण पुरवठा कंपनीच्या ताब्यात असेल तर त्यांच्याकडूनच बंद करून घ्यावं लागेल. आयसोलेटर लोडवर तोडायच्या क्षमतेचा नसेल तर आधी लोड काढा, मग हँडल. जनरेटर, सोलर, बॅटरी इन्व्हर्टर उलट बाजूनं पुरवठा देत नाहीत ना ते पाहा. मग टेस्टर माहीत असलेल्या जिवंत जागी तपासा, इथे प्रत्येक फेज-फेज, फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ तपासा, आणि टेस्टर पुन्हा जिवंत जागी तपासा.

नट सोडण्याआधी मोजा

इथे मायक्रोओहम मीटर लागतो, चार तारांचा. साधा मल्टिमीटर उपयोगाचा नाही, कारण त्याच्या स्वतःच्या तारांचाच रोध आपण मोजतोय त्याच्या हजारपट असतो. केबलच्या दुसऱ्या टोकाला, तिथेही सगळं बंद आणि सोडवलेलं असताना, आम्ही आर आणि वाय एकमेकांना जोडले. इकडे मीटरचा करंट आरच्या टर्मिनलपट्टीतून घालून वायच्या पट्टीतून परत घेतला. मग व्होल्टेजच्या टोकदार प्रोब हव्या त्या दोन बिंदूंवर टेकवल्या की तेवढ्याच तुकड्याचा रोध मिळतो.

पहिलं माप टर्मिनलपट्टी ते लगचा चपटा भाग, म्हणजे बोल्टचा जोड. दुसरं लगची नळी ते नळीच्या तोंडाशी दिसणारी उघडी तार, म्हणजे क्रिम्प. उघडी तार दिसत नसेल तर स्लीव्ह काढून इन्शुलेशन दोन-चार मिमी मागे सरकवावं लागतं.

आकडा चांगला की वाईट ते कसं ओळखायचं? केबलशीच तुलना करा. ९५ चौरस मिमी अॅल्युमिनियमचा रोध २० अंशांना दर किलोमीटर ०.३२ ओहम, म्हणजे ६० मिमी तुकड्याला १९ मायक्रोओहम. लगची नळी साधारण तेवढीच लांब. चांगला क्रिम्प तेवढ्याच लांबीच्या अखंड केबलच्या आसपास किंवा खाली यायला हवा. दुप्पट आला तर शंका घ्यायची, दहापट आला तर कापायचा.

बोल्टचे जोड आमच्याकडे असे निघाले: आर १४, बी १५, वाय ३१. क्रिम्प: आर १८, बी २०, आणि वायवर प्रोब कुठल्या तारेला टेकवतोय त्यावर ९० पासून ४०० पर्यंत, बहुतेक वेळा २६० च्या जवळ. बी साठी जोडी बदलून मोजलं.

दोन गोष्टी एकदम कळल्या. पहिली, उष्णतेचा हिशेब. १२० चा वर्ग १४,४००. गुणिले २६० मायक्रोओहम, म्हणजे वायच्या क्रिम्पमध्ये पावणेचार वॅटच्या आसपास. बोल्टच्या जोडात अर्ध्या वॅटहूनही कमी. बोल्टचा जोड बिघडला होता हे खरं, पण लग तापवण्याइतका नाही. दुसरी गोष्ट म्हणजे तारेगणिक बदलणारा आकडा. अखंड क्रिम्पमध्ये सगळ्या तारा नळीशी आणि एकमेकींशी एकजीव झालेल्या असतात, कुठेही टेका, आकडा थोडाच हलतो. इथे काही तारा करंट नेत होत्या आणि काही नुसत्या सोबतीला होत्या.

आता नट

नट आणि पट्टीवर मार्करची एक आडवी रेघ ओढा, मग टॉर्क पान्यानं सोडताना किती जोर लागतो ते पाहा. सोडायचा जोर आवळायच्या जोरापेक्षा निरोगी जोडातही कमीच असतो, त्यामुळे छापील आकड्याशी थेट तुलना करू नका, शेजारच्या फेजशी करा. त्या आयसोलेटरला २२ न्यूटन-मीटर सांगितलेलं होतं. आर आणि बी १६ च्या आसपास सुटले, वाय ७ ला.

म्हणजे क्रीप झालं होतं. ते होतं कसं, हे समजून घेतलं की नुसतं आवळणं का चुकतं ते कळेल. तापल्यावर अॅल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं. लग जाड व्हायला बघतो, पोलादी बोल्ट त्याला तेवढी जागा देत नाही, दाब वाढतो आणि मऊ अॅल्युमिनियम वॉशरखालून बाजूला दबून जातं. रात्री थंड झाल्यावर लग आकसतो, पण दबलेला भाग परत येत नाही, म्हणून बोल्टचा ताण थोडा कमी. रोजच्या चढउतारात हे साचत जातं. नट एक अंशही फिरलेला नसतो, तरी पकड गेलेली असते. वॉशर लगमध्ये कडेसकट रुतलेला दिसला की हे ओळखायचं. अशा जोडावर पुन्हा पाना लावला तर आधीच पातळ झालेलं अॅल्युमिनियम आणखी दाबलं जातं, आणि मधल्या काळात संपर्कात शिरलेला ऑक्साइड तसाच राहतो.

आमच्या वाय फेजच्या वॉशरचं कडं उमटलं होतं, पण उथळ. आर आणि बी वर तोच बोल्ट, तोच वॉशर, तोच लग, तरी कडं जवळजवळ नाही. मग एकट्या वायवरच क्रीप का? कारण क्रिम्पची उष्णता तिथे रोज येत होती. साखळीतलं आधीचं टोक सापडलं ते असं.

लग कापून बघा

बदललेला लग भंगारात टाकण्याआधी करवतीनं उभा चिरायला दहा मिनिटं लागतात. ऑक्साइड आणि खराब क्रिम्प यांच्यातला फरक इथेच खात्रीनं कळतो.

अॅल्युमिनियमवर हवेत क्षणार्धात काही नॅनोमीटरचा ऑक्साइड येतो. तो कडक असतो आणि वीज वाहू देत नाही. चांगल्या क्रिम्पमध्ये धातू इतका दाबला जातो की हा थर फुटतो आणि खाली ताजं अॅल्युमिनियम ताज्या अॅल्युमिनियमला चिकटतं. चिरलेल्या भागात तारांच्या सीमा जेमतेम दिसतात, गोल तारा षटकोनी दबलेल्या असतात, फट नसते. दाब पुरेसा, फट नाही, पण तारा मंद राखाडी, कोरड्या आणि एकेक सुट्या होत असतील, तर ब्रश न मारता, ऑक्साइड रोखणारं कंपाउंड न लावता क्रिम्प केलाय, दोष ऑक्साइडचा. असा जोड सहसा पहिल्या दिवसापासूनच थोडा जास्त रोधाचा असतो. तारा गोलच राहिल्या असतील, मधे काळ्या फटी दिसत असतील, तर दोष दाबाचा. फटींतला ऑक्साइड नंतर आलेला.

बाहेरूनही खुणा असतात. डायचा क्रमांक बहुतेकदा दाबलेल्या भागावर उमटतो, तो लगवर लिहिलेल्या आकाराशी जुळतो का पाहा. डाय मोठा असेल तर कडा पुसट राहतात. लहान असेल तर दोन बाजूंना धातूचे पंख बाहेर येतात. तार नळीच्या तळापर्यंत न पोचणं आणि सेक्टर आकाराची तार गोल न करताच कोंबणं, हेही नेहमीचं.

वायच्या स्लीव्हखाली एकच दाब निघाला. आर आणि बी वर तीन-तीन. केबल जागेवर बसवून, लग टर्मिनलला लावून मग क्रिम्प केला होता, आणि दोन केबलींच्या मधे हायड्रॉलिक टूलचं डोकं शिरलं नव्हतं. ज्यानं केलं त्यानं जमेल तिथे एक दाबला आणि स्लीव्ह चढवली. चिरल्यावर नळीच्या दोन-तृतीयांश लांबीत तारा गोल आणि काळपट निघाल्या, कंपाउंडचा मागमूस नव्हता. आर आणि बी चे दाब ठीक, पण तेही कोरडेच. म्हणून तिन्ही बदलले.

नवा लग

केबल मागे तिथपर्यंत कापा जिथे तारा चकचकीत आणि इन्शुलेशन मऊ आहे. राखाडी, ठिसूळ तार पुन्हा लगमध्ये घालू नका. लांबी कमी पडत असेल तर मागे नीट सरळ जॉइंट करा किंवा आयसोलेटर सरकवा. ताणून बसवलेली केबल लगला सतत ओढत राहते.

इन्शुलेशन नळीच्या खोलीपेक्षा दोन-तीन मिमी जास्तच सोला आणि तारेवर खाच पाडू नका. सेक्टर तार असेल तर गोल करणाऱ्या डायमधून काढा. तारांना आधी कंपाउंड लावा आणि त्याच्या खालीच स्टीलच्या तारेचा ब्रश मारा, म्हणजे खरवडलेल्या धातूला हवा लागत नाही. तांब्यावर वापरलेला ब्रश इथे नको. लगच्या नळीत कारखान्यातूनच कंपाउंड भरून टोपण येतं, ते क्रिम्पच्या क्षणापर्यंत काढू नका. टिनच्या मुलाम्यावर, लगच्या असो वा पट्टीच्या, ब्रश किंवा पॉलिश पेपर चालवायचा नाही. नुसतं फडक्यानं पुसायचं.

तार तळाला टेकेपर्यंत ढकला आणि लगच्या उत्पादकानं सांगितलेल्या डायनं, सांगितलेले तितके दाब द्या. साधारणपणे चपट्या भागाजवळून सुरुवात करून नळीच्या तोंडाकडे येतात, म्हणजे आतलं कंपाउंड आणि हवा बाहेर निघते. प्रत्येक दाब डाय पूर्ण मिटेपर्यंत. हे सगळं लग टर्मिनलला लावण्याआधी, मोकळ्या जागेत.

टर्मिनलची पट्टी उघड्या तांब्याची असेल तर टिन केलेला अॅल्युमिनियम लगही माझ्या मते पुरेसा नाही; नळी अॅल्युमिनियमची आणि चपटा भाग तांब्याचा असलेला बायमेटॅलिक लग घ्या. क्रीपसाठी उपाय बोल्टखाली असतो: लगच्या बाजूला रुंद, जाड सपाट वॉशर, आणि त्यावर बशीसारखा डिस्क स्प्रिंग वॉशर. कापलेल्या कड्यासारखा नेहमीचा स्प्रिंग वॉशर थोड्याच दाबाला सपाट होतो आणि मग स्प्रिंग राहत नाही. टॉर्क आयसोलेटरवर लिहिलेला, टॉर्क पान्यानं, एकदाच. मग नटावर रेघ.

झाकण लावण्याआधी आयसोलेटरच्या तिन्ही पोलचा आतला रोध मोजून एकमेकांशी ताडा. लगची उष्णता पट्टीतून आत जाते आणि कॉन्टॅक्टची स्प्रिंग मऊ करते; एकच पोल जास्त दाखवत असेल तर नवा लग वर्षभरात पुन्हा तापेल, या वेळी दुसऱ्या बाजूनं. आमच्याकडे तिन्ही पोल जुळले, म्हणून तोच आयसोलेटर ठेवला. इन्शुलेशन रोध तपासून मग पुरवठा घेतला.

नव्या क्रिम्पचं माप १६, १७ आणि १६ मायक्रोओहम आलं. तीन दिवसांनी ११८ अँपिअरवर, हवा ३३ अंश असताना, स्लीव्हवर ४९, ५० आणि ४९. हे आकडे, तारीख आणि करंट एका कागदावर लिहून झाकणाच्या आतून चिकटवले. पुढच्या तपासणीला नट आवळून बघायचा नाही. तेवढ्याच करंटला तीच तापमानं येतात का आणि नटावरची रेघ जागेवर आहे का, एवढंच पाहायचं.